सहा मजल्यांची गोष्ट

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या कथांच्या गठ्ठ्यात अलीकडे लिफ्ट बरीच दिसते. एके काळी तिथे चाळीची गॅलरी असायची. गॅलरीत बोलणाऱ्यांना वेळेची काही कमी नव्हती. तांदूळ निवडता निवडता सुरू झालेलं बोलणं नळाला पाणी येईपर्यंत चालायचं, आणि ऐकणारे बोलणाऱ्यांपेक्षा जास्त असायचे. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हाच त्या जगाला निरोप देण्याचा सूर तिच्यात होता. आता दारं बंद आहेत, आणि एका इमारतीतली दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहतात अशी जागा लिफ्टच उरली आहे. लेखकांना ती सुचते ते बरोबरच आहे.

पण या कथांपैकी बऱ्याच परत पाठवाव्या लागतात. मजकूर सहसा सारखाच असतो. दोन शेजारी लिफ्टमध्ये भेटतात, थोडं बोलतात, बोलणं वाढतं आणि शेवटी दोघं संध्याकाळी बरोबर फिरायला जाऊ लागतात. मजकुरात खोट काहीच नाही. इतकी साधी गोष्ट चांगली लिहिता येते आणि तिला मारामारी, अफेअर, वारसाहक्काचा खटला असलं काही लागत नाही. मात्र लेखक हातात घड्याळ घेत नाहीत. लिफ्ट सातव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्यांची पात्रं दोन पानं बोलतात.

हिशेब करून पाहू. कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली सात मजली इमारत घ्या, जाळीच्या सरकत्या दरवाजाची लिफ्ट असलेली. एका मजल्याची उंची साधारण तीन मीटर. सहाव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत अठरा मीटर. अशी जुनी लिफ्ट सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास उतरते, म्हणजे चोवीस-पंचवीस सेकंद. सुटताना-थांबताना लागणारा वेळ धरला तर अर्धा मिनिट. एवढ्या वेळात दोन माणसं न घाई करता बोलली तर पन्नास-साठ शब्द होतात. दोघांच्या वाट्याला तीन-चार वाक्यं. त्यातलं पहिलं वाक्य बहुतेक पावसाचं किंवा पाण्याच्या टँकरचं असतं. मग उरलं काय? दोन वाक्यं.

या कथेची ताकद त्या दोन वाक्यांतच आहे, कारण त्यातलं दुसरं बहुधा पुरं होत नाही.

एक कथा उभी करून बघू. सातव्या मजल्यावर पंचेचाळिशीची एक बाई राहते. बँकेत नोकरी, नवरा फिरतीवर, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी संध्याकाळी सात वीसला निघतात. बँकेतून आल्यावर पावणेसातला औषधं आणि भाजी आणायला ही खाली उतरते. सहाव्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक राहतात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. नियंत्रकाची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे ते सहा सत्तेचाळीसला दाराबाहेर पडतात, सहा शेचाळीसला नाही आणि पन्नासला नाही. दोघांची वेळ जुळायला मग योगायोग लागत नाही. लेखकाने दोघांच्या दिवसाचं वेळापत्रक एकदा कागदावर मांडलं की भेट आपोआप ठरते. ‘आणि अचानक पुन्हा तेच लिफ्टमध्ये’ असं वाक्य ज्या कथेत तीनदा येतं, तिच्या लेखकाने हे वेळापत्रक मांडलेलं नसतं असं खुशाल समजावं.

नावं अजून द्यायची नाहीत. सोसायटीत माणसं एकमेकांना फ्लॅटच्या नंबरांनी ओळखतात. ती ‘सातशे दोनवाल्या मॅडम’, ते ‘सहाशे एकचे काका’. बरीच वर्षं एकाच इमारतीत राहून नाव माहीत नसणं यात अतिशयोक्ती नाही. अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. मैत्री कोणाशी होते यात स्वभावाइतकाच जिन्याचा आणि दाराचा हात असतो, असं त्यांना दिसलं. शेजारच्या दारातल्यांशी मैत्री जास्त, मजला बदलला की कमी. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची मात्र वरच्या मजल्यावरही ओळख, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून ये-जा करायचे. आपल्या कथेत सातव्या मजल्याला सहाव्याच्या दारावरून जावं लागत नाही. लिफ्टने तो रस्ताच काढून टाकला, आणि आता तिलाच तो भरून द्यायचाय.

पहिल्या एक-दोन भेटींत बोलणं नसावं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे: एकदा ओझरतं बघायचं, मग मजल्याच्या आकड्यांकडे. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ साली या वागण्याची नोंद केली. समोरच्याची दखल घेतली हे कळेल इतपत बघायचं आणि मग त्याला त्याच्यापुरतं सोडायचं, हा सभ्यपणाच आहे असं त्यांचं म्हणणं. म्हणून पहिल्या दिवशी काकांना बोलकं करू नका. ते घड्याळ बघतील, ती हातातली पिशवी घडी करेल, आणि तळमजल्यावर जाळी ओढताना ते म्हणतील, “या, तुम्ही आधी.”

बोलणं लिफ्टवरूनच सुरू होऊ द्या.

“आवाज बदललाय हिचा,” काका म्हणतात.

“लिफ्टचा? मला नाही जाणवला.”

“चार दिवस झाले. गाडीचा क्लच असाच बोलतो आधी.”

“तुम्ही ड्रायव्हर होतात?”

“कंट्रोलर. भोर स्टँडला शेवटची आठ वर्षं.”

तळमजला आला. पंचवीस शब्दसुद्धा झाले नाहीत, तरी माणूस कळला. ‘मी एसटीत नोकरीला होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, मुलगा बंगळुरूला असतो आणि पत्नीच्या निधनानंतर एकटाच राहतो’ असं कुणी लिफ्टमध्ये सांगत नाही. वाचकाला माहिती पुरवायची म्हणून पात्राच्या तोंडी घातलेलं वाक्य ओळखायची युक्ती सोपी आहे. ते वाक्य समोरच्या पात्राने न विचारता आलेलं असतं, आणि ते मोठ्याने वाचताना लाजल्यासारखं होतं.

आता कथेला खेचणारी गोष्ट हवी. कुठल्या तरी संध्याकाळी काका सांगू लागतात. मार्च महिना. दहावीचा पेपर. एका दुर्गम गावची मुक्कामी गाडी सकाळी परत येताना पोरांना घेऊन भोरला यायची. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे उलट फिरणारी. पेपर अकराला, गाडीची वेळ साडेनऊ. दहा वाजले, गाडी नाही. फोन लागायची सोय नव्हती तेव्हाची गोष्ट.

“आली शेवटी दहा पस्तीसला,” काका म्हणतात. “पोरं पळाली शाळेकडे. आता उशिराचं कारण रजिस्टरमध्ये मला लिहायचं. मी काय लिहिलं असेल, ओळखा.”

आणि लिफ्ट थांबते. काका जाळी उघडून चालू लागतात, कारण त्यांची चाळीस मिनिटं सुरू झालेली असतात.

कथेचा कणा हाच. बाईला आता घरी सासूबाईंचा चादरबदल करताना, ऑफिसात लेजर बघताना मध्येच तो प्रश्न आठवतो. दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या नाही, सहावा मजला येताच म्हणते, “पंक्चर?” काका हसतात. “लिहिलं तेच. पण झालं होतं वेगळंच.” तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबते आणि सायकल घेऊन एक मुलगा शिरतो. चाक दोघांच्या मध्ये. सायकलच्या हँडलवर बोलणं अडकतं, आणि पुढचे दोन मजले तिघेही आकड्यांकडे बघत राहतात. लिफ्टमध्ये येणारा तिसरा माणूस नेहमी ठेवावा, त्याच्यासारखा उपयोगी कुणी नाही. तो काही न करता प्रसंग कापतो.

अर्धवट तोडलेल्या बोलण्यावर अख्खी कथा उभी राहते हे चेखवने १८८६ साली दाखवून ठेवलंय. मुलगा नुकताच वारलेला एक घोडागाडीवाला आहे. तो गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला बघतो. लष्करी अधिकारी बसतो, मग तीन तरुण बसतात. प्रत्येकाला पोहोचायची घाई, प्रत्येकाचा प्रवास छोटा. रात्री तो सगळं आपल्या घोडीला सांगतो. तिथे उतारू ऐकत नाहीत, आपल्या कथेत ऐकणारी उत्सुक आहे आणि लिफ्ट मात्र लवकर पोहोचते. फरक एवढाच, पण त्या फरकाने कथेचा रंग शोकाकडून गंमतीकडे वळतो.

इथे लेखकांना एक मोह होतो: वीज घालवायची. लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली, अंधार झाला आणि दोघांनी मनं मोकळी केली. मी अशी कथा तिसऱ्या पानावर बंद करतो. लिफ्ट अडकली की माणसं मन मोकळं करत नाहीत. ती अलार्मचं बटण दाबतात, वॉचमनला हाका मारतात, मोबाइलला रेंज शोधतात, आणि सुटका झाल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीला मेंटेनन्सच्या पैशांचं काय केलं ते विचारतात. बंद पडलेल्या लिफ्टने दोघांना जितका वेळ मिळतो तितका आपल्या कथेची निकड कमी होते. लिफ्ट चालूच हवी. तिचं काम वेळेत पोहोचणं.

मग दोघं फिरायला जाणार कसे? लिफ्टचा वेळ अपुरा पडला, म्हणून. इतकंच कारण पुरतं. जाळीच्या लिफ्टची एक सोय लेखकाला फुकट मिळते. दरवाजा उघडा राहिला की आतून तो यांत्रिक बाईचा आवाज येतो, “कृपया दरवाजा बंद करा.” तिसऱ्या दिवशी तळमजल्यावर ती जाळी धरून उभी राहते.

“मग झालं काय होतं, काका?”

“कृपया दरवाजा बंद करा.”

“एक मुलगी यायची राहिली होती. ड्रायव्हर थांबला. कंडक्टर उतरून वस्तीवर…”

“लिफ्ट सोडाऽऽ!” चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं.

“चला, चालता चालता सांगतो,” काका म्हणतात. “मला चाळीस मिनिटं काढायचीच आहेत.”

ती घड्याळ बघते. “गेटपर्यंत येते.”

हे ‘गेटपर्यंत’ फार मोलाचं आहे. हाती आलेल्या बहुतेक कथांत पहिल्याच संध्याकाळी दोघं टेकडीवर जाऊन सूर्यास्त बघतात. खऱ्या आयुष्यात घरात आजारी माणूस असलेली बाई तसं करत नाही. पहिल्या दिवशी गेट. मग औषधाच्या दुकानापर्यंत, कारण तिला तिथे जायचंच असतं. मग काका म्हणतात की थोरात उद्यानाजवळचा भाजीवाला बरा आहे. ते खोटं नसतं, पण तेवढं एकच कारणही नसतं. चालणं असं फुटाफुटाने वाढलं की वाचकाला मैत्री वाढताना दिसते, लेखकाला ‘त्यांच्यात एक वेगळं नातं निर्माण झालं होतं’ असं लिहावं लागत नाही.

गोष्ट मात्र रस्त्यावर लगेच पुरी होत नाही, आणि त्याला कारण पुण्याचे फूटपाथ. दोन माणसांना शेजारी-शेजारी चालता येईल असा फूटपाथ सलग मिळत नाही. मध्ये लावलेल्या दुचाक्या, वडापावची गाडी, उखडलेल्या फरश्या. काका पुढे, ती मागे. मागच्या माणसाला पुढच्याचं बोलणं रिक्षाच्या आवाजात ऐकू येत नाही. ते मान वळवतात, ती ‘काय?’ म्हणते, ते हात हलवून ‘नंतर’ म्हणतात. या चालण्याचं वर्णन नीट करावं, कारण पुढचा बदल त्यावर अवलंबून आहे. बागेच्या फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा दोघं बरोबरीने चालतात. लिफ्टमध्येही शेजारीच उभी असायची, पण तिथे बोलायला तरी लागायचं नाहीतर आकडे बघायला. चालताना बघायला समोर रस्ता असतो आणि गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही.

गोष्टीचा शेवटही तिथेच येतो, अगदी सहज. ती मुलगी आदल्या रात्री मामाकडे झोपायला गेली होती, वस्ती लांब. कंडक्टर जाऊन घेऊन आला. ड्रायव्हरने गाडी रोखून धरली म्हणून त्याच्यावर मेमो निघाला असता. काकांनी रजिस्टरमध्ये ‘टायर पंक्चर’ लिहिलं. सगळ्या नोकरीत लिहिलेलं ते एकच खोटं कारण, असं त्यांचं म्हणणं.

वाचकाची इतक्या दिवसांची उत्सुकता एवढ्यावर संपली तर तो खट्टू होईल, ही भीती लेखकाला वाटते आणि तो मुलीला पुढे कलेक्टर करून टाकतो. करू नये. गोष्ट छोटीच असावी, कारण तिचा उपयोग दुसऱ्या गोष्टीला दार उघडण्यासाठी आहे. अर्धी फेरी दोघं काही बोलत नाहीत. मग ती म्हणते,

“मी ऑफिसात सांगते की संध्याकाळी माझा संस्कृतचा क्लास असतो. म्हणून लवकर निघते.”

“आणि?”

“क्लासबिस काही नाही. सासूबाईंचं सांगितलं की सगळे कसे आहेत म्हणून विचारतात. रोज. मला रोज उत्तर द्यायला नको वाटतं.”

काका थोडं चालतात. “चांगलं कारण आहे,” ते म्हणतात. “पंक्चरपेक्षा टिकाऊ.”

ही कबुली लिफ्टमध्ये बसली असती. मोजून पाहा, शब्द तेवढेच आहेत. पण लिफ्टमध्ये ती आली नसती, कारण असं वाक्य बोलण्याआधी बोलणाऱ्याला बराच वेळ गप्प राहायला मिळावं लागतं. अर्ध्या मिनिटाच्या लिफ्टमध्ये गप्प राहिलं की तळमजला येतो. दोघांनी चालायला का जावं याचं उत्तर इथे मिळतं, आणि ते कुठल्याच पात्राला बोलून दाखवावं लागत नाही. कथा तिच्या बाजूने सांगायची तीही यासाठीच. काकांच्या डोक्यात शिरलो तर रजिस्टरचं कोडं पहिल्याच दिवशी फुटतं.

लोक काय म्हणतील, हाही प्रश्न येतो. इमारत आहे म्हणजे लोक म्हणणारच. पण त्याला एक वाक्य पुरे. पार्किंगमध्ये कुणी म्हणेल, “काय काका, वॉकला कंपनी मिळाली वाटतं!” आणि काका म्हणतील, “हो. वेळ पाळणारी आहे.” यावर प्रकरण रचायला गेलात तर कथा सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाऊन बसते आणि परत येत नाही.

हाक कशी मारायची तेही सांभाळा. ती त्यांना पहिल्यापासून ‘काका’ म्हणते, ते तिला ‘मॅडम’. बागेतल्या त्या संध्याकाळनंतर त्यांनी एकदा ‘ताई’ म्हणावं, तेही रस्ता ओलांडताना, ‘थांबा ताई, बस येतेय’ अशा घाईत. अहो-जाहो शेवटपर्यंत राहू द्या. कोथरूडमध्ये सत्तरीच्या वाटेवरचे गृहस्थ शेजारच्या बाईंना तीन आठवड्यांत अगं-तुगं करत नाहीत.

आणि शेवट. पन्नासपैकी चाळीस कथांत काका वारतात, आणि ती लिफ्टमध्ये एकटी उभी राहते. साखर आहे, वय आहे, सोपं आहे. पण साखरेचं निदान झालेला माणूस रोज चाळीस मिनिटं चालत असेल तर तो बरीच वर्षं जगण्याची शक्यता जास्त, आणि लेखकानेच त्याला चालायला लावलंय. शेवटासाठी माझ्या मते सात वीस पुरेत. मावशींची निघायची वेळ कथेत पहिल्यापासून आहे. एक दिवस दोघं बोलता बोलता बागेची एक फेरी जास्त मारतात. नियंत्रक असलेल्या माणसाचं घड्याळाकडे लक्ष गेलेलं नसतं. सात सत्तावीसला ती दार उघडते तेव्हा मावशी चप्पल घालून बसलेल्या. “का हो उशीर?” त्या विचारतात. आणि ती म्हणते, “पंक्चर.”

तिथे थांबा. मावशींना काही कळत नाही, वाचकाला कळतं, आणि काका आपल्या घरी साखर मोजत बसलेले असतात.

अशी कथा अठराशे ते बावीसशे शब्दांत बसते. तीन हजारांवर गेली तर समजा की कुणीतरी लिफ्टमध्ये जास्त बोललंय. लिफ्टचा प्रत्येक प्रसंग मोठ्याने वाचा, घड्याळ लावून, आणि अर्ध्या मिनिटावर गेला तर छाटा. तुमची इमारत चार मजल्यांची असेल तर त्याहूनही कमी वेळ मिळेल. आणि कथा दिवाळी अंकासाठी पाठवणार असाल तर जूनअखेरपर्यंत पाठवा. ऑगस्टमध्ये आलेल्या कथा आम्ही वाचतो, पण तोवर अंकातली पानं लागलेली असतात.